न्यूड लिपस्टिक लावली की चेहरा राखाडी का दिसतो? गव्हाळ आणि सावळ्या रंगासाठी शेड शोधायची पद्धत

लिपस्टिक लावून तयार होऊन बाहेर यावं आणि समोरचीने विचारावं "काय गं, बरं नाहीये का?" हे ज्यांच्यासोबत झालंय त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझ्यासोबत बऱ्याचदा झालंय. फिकट गुलाबी न्यूड शेड, फोटोत मॉडेलच्या ओठांवर काय सुंदर दिसत होती, मी लावली तर ओठांना राख फासल्यासारखं. मग मी कितीतरी वर्षं असंच धरून चालले की आपल्या रंगाला लाइट शेड शोभतच नाही, आपलं मरून बरं. पण प्रॉब्लेम माझ्या रंगात नव्हता, त्या कांडीत किती पांढरं मिसळलंय त्यात होता, आणि हे एकदा कळलं की शेड निवडणं खूपच सोपं होतं.

इथे मी मुख्यतः न्यूड आणि रोजच्या वापराच्या शेड्सबद्दलच लिहितेय, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. लाल आणि गडद रंग आपल्या त्वचेवर फार बिघडत नाहीत, त्यांच्याबद्दल मधे थोडक्यात येईल.

आधी हे राखाडी होतं कसं ते बघू

बहुतेक फिकट लिपस्टिक म्हणजे लाल, पिवळे, तपकिरी रंगद्रव्य आणि त्यात शेड हलकी करायला घातलेली पांढरी पावडर, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. सनस्क्रीन लावल्यावर चेहऱ्यावर जो पांढुरका थर येतो ना, तो बऱ्याचदा ह्याच पावडरीचा असतो. आता आपले ओठ काही स्वच्छ गुलाबी कॅनव्हास नसतात. बहुतेकींचा वरचा ओठ तपकिरी किंवा जांभळट, खालचा त्यापेक्षा गुलाबी आणि कडा सगळ्यात गडद. अशा गडद पायावर पांढऱ्याचा पातळ थर आला की तो नुसता पांढरा दिसत नाही, निळसर-राखाडी दिसतो. काळा फळा नीट पुसला नसेल तर खडूची उरलेली धूळ कशी दिसते आठवा, खडू पांढराशुभ्र असतो पण फळा राखाडी होतो. ओठांवर तेच होतं.

वॉश्ड-आउट दिसणं ही मात्र वेगळी भानगड आहे आणि दोन्ही एकच समजून लोक चुकीचा उपाय करतात. वॉश्ड-आउट म्हणजे शेड तुमच्या गालाच्या रंगाला इतकी जवळची की ओठ चेहऱ्यात विरून जातात, तोंड आहे की नाही कळत नाही, चेहरा थकलेला दिसतो. तिथे पांढरं जास्त असेलच असं नाही, रंगच कमी पडतो. राखाडी दिसत असेल तर शेड गडद करा आणि तिच्यातला उबदारपणा वाढवा, विरून जात असेल तर त्याच गडदपणाची पण जास्त लाल किंवा जास्त गुलाबी असलेली शेड घ्या. आरशात बघताना आधी हे ठरवा की नक्की काय बिघडलंय.

पहिली पायरी: अंडरटोन नाही, गडदपणा

सगळीकडे पहिला प्रश्न अंडरटोनचाच असतो, म्हणजे त्वचेच्या रंगामागची झाक पिवळसर, वॉर्म आहे की गुलाबी-निळसर, कूल. माझं मत विचाराल तर दहापैकी सात-आठ वेळा चूक अंडरटोनची नसतेच, शेड सरळ सरळ जास्त फिकट असते. म्हणून आधी गडदपणा ठरवा.

चेहरा धुवा, मॉइश्चरायझर लावा, बाकी काही नाही. ओठांवरची आधीची लिपस्टिक घासून काढली असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबा, कारण घासल्यावर ओठ लाल होतात आणि तो तुमचा खरा रंग नसतो. मग दिवसा खिडकीसमोर उभ्या राहा, थेट ऊन तोंडावर नको, घरातले दिवे बंद. फोनमधला ब्युटी मोड बंद करून साधा फोटो काढा आणि तो फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा. आता तीन जागा बघा: गाल, वरचा ओठ, खालचा ओठ. रंग निघून गेल्यामुळे फक्त कोण किती गडद आहे तेवढंच उरतं.

गव्हाळ त्वचेत खालचा ओठ बऱ्याचदा गालाच्या जवळपास असतो आणि वरचा एक-दोन घर गडद. सावळ्या किंवा गडद त्वचेत दोन्ही ओठ गालापेक्षा गडद असू शकतात, किंवा उलट खालच्या ओठाचा मधला भाग गालापेक्षा उजळ असतो, तेही नॉर्मल आहे. तुमची न्यूड शेड गालापेक्षा थोडी गडद पाहिजे आणि वरच्या ओठाच्या आसपास पाहिजे, एवढंच लक्षात ठेवा. गालापेक्षा फिकट शेड ब्लॅक अँड व्हाइट फोटोत लगेच पकडली जाते, ओठ चेहऱ्यावर पांढऱ्या पट्टीसारखे चमकतात. दुकानात एखादी शेड बोटावर लावून, बोट गालाशी धरून असाच फोटो काढला तरी चालतं. फक्त चटक लाल किंवा ऑरेंजला ही युक्ती लावू नका, फोन ते रंग ब्लॅक अँड व्हाइटमधे कधी खूप काळे करतो कधी खूप उजळ, भरवसा नाही.

दुसरी पायरी: अंडरटोन, पण शिरा बघून नाही

मनगटाच्या शिरा हिरव्या म्हणजे वॉर्म, निळ्या म्हणजे कूल, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. आपल्या रंगाला ही टेस्ट फारशी उपयोगाची नाही. शिरांवर तपकिरी-पिवळसर त्वचेचा थर असतो, त्यातून बघितलं की बऱ्याच जणींच्या शिरा हिरवटच दिसतात, आणि गडद त्वचेत तर नीट दिसतच नाहीत. सोनं शोभतं की चांदी, ह्यातही आवड आणि सवयच जास्त बोलते.

त्यापेक्षा दोन लाल लिपस्टिक घ्या, मैत्रिणीकडून उसन्या आणल्या तरी चालतील, पण मग कांडीवरून वरचा थर पुसून, स्वच्छ कापसाच्या काडीने काढून वापरा. एक निळसर लाल, म्हणजे डाळिंबी किंवा राणी रंगाकडे झुकणारा, आणि दुसरा शेंदरी लाल, म्हणजे ऑरेंजकडे झुकणारा. कुठला कुठला ते कांडीकडे बघून कळत नाही, पांढऱ्या कागदावर बोटाने अगदी पातळ पसरवा. थर जिथे विरत जातो तिथे खरा स्वभाव दिसतो, निळसर लाल गुलाबी होत जातो आणि शेंदरी लाल नारिंगी होत जातो. ही कागदाची युक्ती नंतर प्रत्येक शेडला वापरायची आहे, विसरू नका.

मग एक लावा, बघा, पुसा, थांबा, दुसरी लावा. बघताना लिपस्टिककडे बघू नका (हेच सगळ्यात अवघड आहे!), आजूबाजूच्या त्वचेकडे बघा. तोंडाच्या कोपऱ्यातला काळेपणा, डोळ्यांखालचा भाग, हनुवटी. ज्या लाल रंगाने हे भाग शांत वाटतात, चेहरा एकसारखा दिसतो, तो तुमच्या बाजूचा. शेंदरी लावल्यावर चेहरा उजळला आणि डाळिंबी लावल्यावर त्वचा पिवळट फिकी वाटली तर वॉर्म. डाळिंबीत चेहरा नितळ दिसला आणि शेंदरी मात्र चेहऱ्यापासून सुटून वेगळाच तरंगायला लागला, तोंडाभोवतीचा काळेपणा उठून दिसला, तर कूल. दोन्ही बरे वाटले तर न्यूट्रल, आणि खरं सांगायचं तर न्यूट्रल असणं अजिबात दुर्मिळ नाही, उगाच एका बाजूला ढकलू नका स्वतःला. दात बघून अंडरटोन ठरवायचा नाही बरं का, शेंदरी रंगात दात थोडे पिवळे आणि निळसर लाल रंगात पांढरे दिसतात, ते कोणाच्याही बाबतीत होतं.

चौथा प्रकार ऑलिव्ह, आणि गव्हाळ रंगात तो बऱ्यापैकी सापडतो तरी त्याचं नाव कोणी घेत नाही. त्वचेत हलकी हिरवट झाक असते. ओळख अशी की दोन्ही लाल थोडे जास्तच ओरडतात, आणि साधा बेबी पिंक तुमच्या ओठांवर एकदम निऑन किंवा जांभळा होतो. तुम्हाला कायम वाटत असेल की "माझ्यावर सगळेच गुलाबी जास्त भडक का दिसतात" तर हे तपासून बघा.

उन्हाने काळवंडल्यावर गडदपणा बदलतो, अंडरटोन सहसा तोच राहतो. आणि तोंडाभोवती पिगमेंटेशन असेल तर ते बघून अंडरटोन ठरवू नका, मान आणि गळ्याखालचा भाग बघा.

तिसरी पायरी: आता शेड्स

गव्हाळ आणि वॉर्म असाल तर कॅरॅमल, टेराकोटा, विटकरी गुलाबी ही तुमची न्यूडची घरं. पीच हवा असेल तर ज्यात तपकिरी मिसळलाय असा घ्या, नुसता दुधाळ पीच म्हणजे परत खडूची धूळ. सावळा रंग आणि वॉर्म असेल तर हेच कुटुंब पण दोन घर खाली, म्हणजे गडद टेराकोटा, दालचिनी, लालसर चॉकलेटी. चॉकलेटी घेताना लालसर आहे ना ते बघा, कारण काही ब्राऊन शेड्समधे काळं जास्त असतं आणि त्या ओठांवर मातकट, सुकलेल्या दिसतात. कागदावर पातळ पसरवल्यावर लाल किंवा नारिंगी झाक दिसली पाहिजे, नुसती मळकट दिसली तर ठेवून द्या.

कूल असाल तर गव्हाळ रंगाला रोझ ब्राऊन, थोडा गडद डस्टी रोझ, आणि सावळ्या रंगाला प्लम ब्राऊन, बेरी, वाइन. इथे एक मोठा खड्डा आहे तो म्हणजे मॉव्ह. "कूल आहात तर मॉव्ह घ्या" असं सर्रास सांगतात आणि मॉव्ह म्हणजे गुलाबी, जांभळा आणि बराचसा राखाडी. तुमच्या ओठांत आधीच जांभळा-तपकिरी आहे, त्यावर अजून राखाडी टाकलं तर थंडीने ओठ निळे पडल्यासारखे दिसतात. मॉव्ह घ्यायचाच असेल तर ज्यात गुलाबी राखाडीवर मात करतोय असा, आणि तुमच्या वरच्या ओठाइतका तरी गडद. टोप नावाच्या, म्हणजे राखाडी-तपकिरी शेड्स मी तरी सरळ टाळते.

न्यूट्रलसाठी रोझवुड, म्हणजे ना फार गुलाबी ना फार तपकिरी, जवळपास चुकत नाही. ऑलिव्हला स्वच्छ चमकदार रंगांपेक्षा थोडे दबलेले रंग बरे, विटकरी-गुलाबी, तपकिरी झाक असलेला बेरी. लॅव्हेंडरकडे झुकणारा गुलाबी ऑलिव्हवर हमखास बिघडतो.

लाल रंगाचं म्हणाल तर वॉर्मला विटकरी आणि शेंदरी, कूलला डाळिंबी आणि चेरी, ऑलिव्ह-न्यूट्रलला थोडा तपकिरी झाकेचा लाल, झालं. लाल रंगात पांढरं फारच कमी असतं म्हणून राखाडी होण्याची भीती नाही. चटक गुलाबी, म्हणजे राणी, मॅजेंटा वगैरेही सावळ्या रंगावर छान उठतात कारण रंग भरपूर असतो. घात करतो तो फिकट, दुधाळ गुलाबी.

चौथी पायरी: ट्राय करताना

हाताच्या मागच्या बाजूला किंवा मनगटावर स्वॉच घेऊ नका, मनगटाची आतली बाजू ओठांपेक्षा खूप फिकट असते, तिथे प्रत्येक न्यूड छान दिसते. बोटाच्या टोकावर, जिथे आपण शाई लावून अंगठा देतो त्या भागावर लावा, तो भाग ओठांच्या जरा जवळचा असतो. टेस्टर थेट ओठांना कधीच लावू नका, डिस्पोजेबल ब्रश मागा, नसेल तर बोटावरच थांबा.

दुकानातला दिवा पिवळा असतो किंवा भगभगीत पांढरा, म्हणून बोट घेऊन दाराशी या आणि उजेडात बघा. लिक्विड मॅट असेल तर दहा मिनिटं थांबा, सुकल्यावर बऱ्याच शेड्स गडद होतात आणि काहींचा रंगही बदलतो, ओली असताना जी सुंदर रोझ होती ती सुकून मातकट झालेली मी पाहिलीय.

काही जणी मागच्या लेबलवर CI 77891 शोधतात, तो टायटॅनियम डायऑक्साइडचा नंबर. पण त्यावरून एका शेडबद्दल फार काही कळत नाही, कारण रंगद्रव्यं बऱ्याचदा +/- अशा खुणेपुढे एकत्र लिहिलेली असतात आणि ती यादी पूर्ण रेंजची असते, तुमच्या हातातल्या शेडची नाही. म्हणजे गडद वाइनच्या डबीवरही तोच नंबर सापडेल. कागदावर पसरवून बघणं जास्त खात्रीचं, दुधाळ, अपारदर्शक, खडूसारखा थर दिसला म्हणजे पांढरं भरपूर आहे.

चंदेरी चमक असलेल्या शेड्सपासून पण लांब राहा, चंदेरी चमक सावळ्या ओठांवर राखेसारखीच वागते. सोनेरी किंवा तांबूस चमक चालते.

एक खरं उदाहरण

माझी मावसबहीण, रंग सावळा, वरचा ओठ चांगलाच तपकिरी-जांभळा, खालचा मधे गुलाबी. तिला ऑफिससाठी एक न्यूड गुलाबी हवी होती आणि तीन घेऊन झाल्या होत्या, तिन्ही कपाटात. मला म्हणाली, "ताई, मी कूल आहे, शिरा निळ्या दिसतात, म्हणून सगळ्या कूल गुलाबी घेतल्या तरी असं होतं."

आम्ही खिडकीत बसून फोटो काढला. ब्लॅक अँड व्हाइटमधे तिच्या तीनपैकी दोन लिपस्टिक गालापेक्षा सरळ फिकट. त्या बाद, अंडरटोनपर्यंत जायची गरजच नव्हती. तिसरी होती मॉव्ह, गडदपणा बरोबर, पण कागदावर पसरवली तर कडेला गुलाबी येण्याऐवजी सिमेंटचा रंग. मग दोन लाल लावून बघितले. डाळिंबी बरा दिसला, शेंदरीही वाईट नव्हता, पण दोन्ही चेहऱ्याच्या पुढे पळत होते आणि माझ्याकडचा बेबी पिंक तिच्यावर जांभळट दिसला. म्हणजे ती कूल नव्हतीच, ऑलिव्हकडे झुकणारी न्यूट्रल होती.

मग दुकानात आम्ही तीन शेड बोटांवर घेतल्या: रोझवुड, विटकरी-गुलाबी आणि एक प्लम ब्राऊन. दारात येऊन बघितलं तर रोझवुड तिच्या गालाच्या इतकी जवळ गेली की ओठ गायब, वॉश्ड-आउटचा नमुनाच. हो, मीच वर म्हटलं की रोझवुड जवळपास चुकत नाही, तर हा घ्या अपवाद, ती विशिष्ट रोझवुड तिच्यासाठी दोन घर फिकट होती. प्लम ब्राऊन छान पण तिला रोजसाठी जड वाटली. विटकरी-गुलाबी गालापेक्षा जरा गडद, वरच्या ओठापेक्षा जरा उजळ, आणि तोंडाभोवतीचा काळेपणा मागे गेला. तीच घेतली. वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद दिसत होता तो लायनरने सांभाळला, तो पुढे सांगते.

घेऊन ठेवलेल्या फिकट लिपस्टिकचं काय करायचं

टाकू नका. आधी बाम लावून पाच मिनिटांनी टिश्यूने टिपून घ्या, कारण ओठ सुकलेले असतील तर सालपटांवर फिकट रंग पांढऱ्या रेघांसारखा बसतो आणि मग कुठलीही शेड राखाडीच दिसते. नंतर तुमच्या वरच्या ओठाच्या रंगाचा किंवा किंचित गडद लिपलायनर घ्या, वॉर्म असाल तर लालसर तपकिरी, कूल असाल तर प्लम तपकिरी. नुसती आउटलाइन नको, कडेपासून आत सगळा ओठ हलक्या हाताने भरा, वरचा ओठ जरा कमी, खालचा जरा जास्त, म्हणजे दोन्ही ओठ एका रंगावर येतात. त्यावर ती फिकट लिपस्टिक फक्त मधोमध, बोटाने थापून लावा, कडेपर्यंत नेऊ नका. आता पांढऱ्याखाली जांभळट ओठ नाही, उबदार तपकिरी लायनर आहे, त्यामुळे राखाडी झाक खूपच कमी होते आणि ओठ भरीवही दिसतात.

तरीही राखाडी वाटलं तर थोडी विटकरी किंवा लाल लिपस्टिक बोटावर घेऊन वरून थापा, अगदी टिंबाएवढी, मग वाढवत जा. लाल एकदम लावलात तर न्यूड राहणारच नाही.

आणि एक गोष्ट करू नका, ओठांना आधी कन्सीलर किंवा फाउंडेशन लावून त्यावर न्यूड लावायची. ही पद्धत बऱ्याच व्हिडिओत दिसते. ओठांचा गडद रंग झाकला जातो हे खरं, पण कन्सीलरमधेही तीच पांढरी पावडर असते, म्हणजे खडूवर खडू. दोन तासांनी तो ओठांच्या रेघांत जमतो, आतल्या कडेला पुसला जातो, आणि मधे जांभळा ओठ आणि भोवती फिकट वर्तुळ असं काहीतरी दिसायला लागतं. माझ्या मावसबहिणीने एका समारंभात हेच केलं होतं, फोटो अजून आहेत, ती कोणाला दाखवू देत नाही.